म्हाळसाबाईचा अंगठा

तुमच्या गावच्या दवाखान्यात तुमची बायको बाळंत होऊन पडली होती, तेव्हा तिची चादर कुणी बदलली, तिला आधार देऊन मोरीपर्यंत कुणी नेलं, त्या बाईचं नाव सांगता येईल? डॉक्टरचं नाव पाठ असतं. नर्सचंही असतं. आयाचं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

मी सांगतो. म्हाळसाबाई. भालकी तालुक्यातल्या मेहकरची, धनगराच्या घरची. नवरा कळपामागं गेला तो तापानं वाटेतच गेला, आणि वर्ष व्हायच्या आत दिरानं कचेरीतून एक कागद आणला. "वैनी, मेंढरांच्या चराईची परवानगी हाय, अंगठा लाव," म्हणाला. तिनं लावला. पावसाळा आला तेव्हा तिला कळलं की चराईची परवानगी म्हणून घेतलेल्या अंगठ्यानं तिच्या वाटणीचा माळ दिराच्या नावावर गेला होता. त्या दिवसापासून ही बाई कागदाची वैरीण झाली. समोर कुणी कागद काढला की उजवा हात पदराखाली जायचा, आणि कागद घडी होऊन खिशात जाईपर्यंत बाहेर यायचा नाही.

माळ गेल्यावर ती एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वार्डात आया म्हणून लागली. कुठल्या, ते सांगत नाही. ह्या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथंच नोकरी करतात. चौदा खाटा, दोन आया. एकीची डूटी सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरीची रात्री आठ ते सकाळी आठ, आणि आठवड्याला अदलाबदल. डूटी सोडताना एकीनं दुसरीला सामान मोजून द्यायचं: घोंगड्या, चादरी, जर्मनची भांडी. मोजून घेतलं की जबाबदारी घेणारणीची. म्हाळसाबाई घोंगड्या मेंढरं मोजावीत तशी दारातून एकेक पलीकडं टाकून मोजायची. दुसरी आया राजूबाई हसायची. "हाकल अक्का, हाकल, एखादी बें बें करंल!"

"हस तू. पण एक कमी भरली तर रडशील," म्हाळसाबाई म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

दोघीही कच्च्या नोकरीवर होत्या. म्हाळसाबाईला सहा वर्षं झाली होती, राजूबाईला चार. सन शेहेचाळीसच्या हिवाळ्यात बातमी आली की हैदराबादेहून मोठे डॉक्टरसाहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार, वार्ड बघणार, फायली बघणार, आणि दोन आयांपैकी एक कायम करून जाणार. कायम म्हणजे म्हातारपणी भाकरीची सोय. कच्ची म्हणजे उद्या डॉक्टरांचं डोकं फिरलं की दाराबाहेर. म्हाळसाबाईच्या मागंपुढं कुणी नव्हतं. तिला ही जागा हवी होती, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नव्हतं.

मुआयना बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी. त्या आठवड्यात दिवसाची डूटी म्हाळसाबाईची होती, रात्रीची राजूबाईची. म्हणजे साहेब येतील तेव्हा वार्डात उभी असणार म्हाळसाबाई.

आणि मंगळवारी सकाळी, घोंगड्या मोजून झाल्यावर, राजूबाईनं कंबरेतून घडी घातलेला कागद काढला.

"अक्का, एक काम हाय. बेस्तरवारी माझी रात तू कर, तुझा दिवस मी करते. गुरुशांतप्पा मुन्शीकडून दरखास्त लिहून आणलीय. तुझा अंगठा पायजे फकस्त."

म्हाळसाबाईचा हात पदराखाली गेला.

"कामून?"

"सुनेचे दिवस भरलेत गं. दाई म्हणली बेस्तरवार-शुक्रवार. रातीला घरात बाईमाणूस नको का?"

"शेजारीण न्हाई तुझी?"

"शेजारीण बघंल सुनेकडं? तिला तिचीच लेकरं आवरंनात!"

"मंग बुधवारचं माग की. बेस्तरवारच कामून?"

"बुधवारी सून बाळंत होयाली न्हाई म्हणून!" राजूबाई कावली. "काय पोलीसवाणी विचारायलीस? आपलं माणूस म्हणून आले."

आपलं माणूस! चार वर्षांत राजूबाईनं तिच्या हातचं पाणी दोनदा घेतलं असेल, तेही तहान फार लागली होती म्हणून. म्हाळसाबाईनं मनात सगळं जुळवून टाकलं. बेस्तरवारचा दिवस. साहेब. वार्डात राजूबाई, धुतलेल्या लुगड्यात, खाटेच्या कडेला हात जोडून. आणि ही रातीच्या डूटीसाठी घरी झोपलेली. पुरे, एवढ्यावरच तिला सगळं कळलं असं तिला वाटलं.

"कागद वाच," ती म्हणाली.

"मला कुठं येतंय? उर्दूत हाय."

"मंग ज्याला येतंय त्याच्याकडं चल."

मुन्शी गुरुशांतप्पा बाहेरच्या ओसरीत चिठ्ठ्या लिहीत बसला होता. कानडी घरचा माणूस, उर्दू अक्षर मोत्यासारखं, मराठी बाजारापुरती. त्यानं कागदाकडं पाहिलंही नाही. "अक्का, रिवाजाप्रमाणं लिहिलंय. अंगठा लाव, मी सिस्टरबाईच्या टेबलावर ठेवतो."

"रिवाज वाचून दाखवा."

"माझ्यावर भरोसा न्हाई?"

"न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली, आणि ती तिथून हलली नाही. मुन्शी चिडला, राजूबाई रडवेली झाली, दोन पेशंट औषधाची बाटली घेऊन ताटकळले, पण ही खांबाला टेकून उभी. तेवढ्यात आवाज ऐकून चन्नव्वा सिस्टर बाहेर आल्या. वार्डाच्या मुख्य नर्स त्या. डूटीचा बदल मंजूर करायचा तर त्यांची सही लागायची.

"काय दंगा आहे?"

"सिस्टरबाई, मला बेस्तरवारची डूटी बदलायची हाय म्हणत्यात. कागद वाचून दाखवा म्हणलं तर ह्यांला राग येतोय."

"बरोबर म्हणते. वाचा, गुरुशांतप्पा."

मुन्शीनं घसा साफ केला. आधी उर्दूत भराभर वाचलं, मग सिस्टरनं डोळे वटारले तेव्हा अडखळत मराठीत सांगितलं: "अर्जदार म्हाळसाबाई, आया, जनाना वार्ड, अर्ज करते की, प्रकृती ठीक नसल्यामुळं दिवसाचं कष्टाचं काम तिच्याच्यानं होत नाही. तरी बेस्तरवारी तिला रात्रीची डूटी द्यावी. राजूबाईनं तिच्या मदतीखातर दिवसाची डूटी करायचं कबूल केलं आहे."

म्हाळसाबाई खांबापासून पुढं सरली.

"मी आजारी? मी? काल चार नंबरच्या बाईला एकटीनं उचलून मोरीला नेली, ती आजारी मी?" ती राजूबाईकडं वळली. "सून तुझी, गरज तुझी, आणि अर्जदार मी? वर तू माझ्यावर उपकार करायलीस व्हय?"

कागदाची ताकद मी तुम्हाला सांगायला नको. साहेब फाईल उघडणार, पहिलाच कागद हा असणार, वर तारीख मुआयन्याची. काम होत नाही असं स्वतःच्या अंगठ्यानं लिहून दिलेल्या बाईला कोण कायम करतो?

"कुणी लिहायला सांगितलं हे?" सिस्टरनं विचारलं.

मुन्शी गडबडला. "बाई, मुआयन्याच्या हप्त्यात घरच्या कारणावर मंजुरी नाही, आपल्या डॉक्टरसाबांचा हुकूम. बीमारी असली तरच. म्हणून बीमारी लिहिली."

"बीमारी लिहिली, पण म्हाळसाबाईची कशी काय?"

मुन्शीनं राजूबाईकडं पाहिलं. राजूबाईनं जमिनीकडं.

"मी म्हणलं..." ती पुटपुटली. "म्हणलं माझं नाव आजारी म्हणून नका घालू. माझी जागा जाईल."

"आन् माझी गेली तरी चालंल!"

"तसं न्हाई गं अक्का! मला कुठं समजलं मुन्शी काय लिहिणार! सुनेची आण..."

"सुनेला मधी आणू नको. ती बाळंत होयाची हाय."

सिस्टर मुन्शीवर कडाडल्या. "डॉक्टरांनी ह्या हप्त्यात रजा द्यायची नाही म्हटलंय. अदलाबदलीला कोण नाही म्हटलं? वार्डात माणूस कमी होतोय का? दोघी असणारच आहेत. एकदा मला विचारलं असतं तर जीभ झिजली असती?"

बघा म्हणजे. मुन्शीला दहा वर्षं रजेचेच अर्ज लिहायची सवय, त्यानं अदलाबदलही रजेच्या साच्यात घातली. साच्याला आजारी माणूस लागतो, मग मिळेल तो आजारी करायचा. राजूबाईनं किती ठरवून केलं आणि किती घाबरून, हे मी त्या दिवशी ओसरीत असलेल्या सगळ्यांना विचारलंय. प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

सिस्टरनं तो कागद फाडला. "आता बोला. बदल हवाय की नको?"

सगळ्यांना वाटलं म्हाळसाबाई नको म्हणणार. तिनं फाटलेल्या तुकड्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "हवाय. सुनेचा काय गुन्हा? पण माझ्या बोलीनं लिहा."

आणि तिनं सांगितलं, मुन्शीनं लिहिलं. अर्जदार राजूबाई. कारण सुनेचं बाळंतपण. बेस्तरवारची राजूबाईची रात म्हाळसाबाई करंल, म्हाळसाबाईचा दिवस राजूबाई करंल. "थांबा. दिवस समदा न्हाई. साहेब जाईपर्यंत वार्डात मी."

"मग तुला झोप कधी?" सिस्टर म्हणाल्या. "सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत एकच बाई मी उभी करणार नाही."

थोडी ओढाताण झाली. शेवटी ठरलं: सकाळी आठ ते बारा म्हाळसाबाई, तेवढ्यात राजूबाईनं बुधवारच्या रातीची झोप काढायची, बारा ते रात्री आठ राजूबाई, आठपासून पुन्हा म्हाळसाबाई. सामान बारा वाजता मोजून द्यायचं आणि रात्री आठला मोजून घ्यायचं. शुक्रवारचा दिवस म्हाळसाबाईला मोकळा, तोही राजूबाई करणार, आणि शुक्रवारची रात म्हाळसाबाई; शनिवारपासून तशीही आठवड्याची अदलाबदल होती.

"शुक्रवारचा पण?" राजूबाई म्हणाली.

"रात जागून सबंध दिवस कोण करतंय? तूच सांग."

"लिही रे बाबा," राजूबाई म्हणाली.

"आन् दोघी राजीखुशीनं, दोघीपण तब्येतीनं ठणठणीत, हे पण लिहा. तारीख तुमच्या निजामी फसली सनाची घाला, पण त्याच्यापुढं बेस्तरवार लिहा. तुमचे महिने मला समजत न्हाईत."

मुन्शीनं वाचलं. म्हाळसाबाईनं पुन्हा वाचायला लावलं. मग औषध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना बोलावून त्यांच्याकडूनही वाचून घेतलं. मुन्शी लाल झाला. मग कुठं पदराखालचा हात बाहेर आला. राजूबाईचा अंगठा, म्हाळसाबाईचा अंगठा, खाली सिस्टरचं मंजूर.

बेस्तरवारी साहेब दहा वाजता आले. खाटा बघितल्या, पण माणसांच्या तोंडाकडं नजर टाकली नाही. टेबलाशी बसून फाईल चाळली. तो कागद हातात आला तेव्हा थांबले. "ही दुसरीची रात करते आहे? आज?" सिस्टर म्हणाल्या, "हो. सकाळपासून उभीही आहे." साहेबांनी कोपऱ्यात दोन शब्द लिहिले आणि पान उलटलं.

राजूबाईला नातू झाला, शुक्रवारी पहाटे. दोन महिन्यांनी हुकूम आला, म्हाळसाबाई कायम. राजूबाई कच्चीच राहिली आणि त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागली. म्हाळसाबाईला त्याचं वाईट वाटलं का? मी विचारलं, तर म्हणाली, "मला अजून वाटतंय तिनंच सांगितलं मुन्शीला." आणि कायमच्या हुकुमाचा कागद मला दिला. तीन जणांनी तिला तो वाचून दाखवला होता. तरी म्हणाली, "तू पण वाच. त्यात मला आजारी तर न्हाई ना लिहिलं?"

मी वाचून दाखवला. सबंध, तारखेसकट.

तुम्हाला वाचता येतं, म्हणून तर इथपर्यंत आलात. तर एवढं करा: येत्या बाजाराच्या दिवशी कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या ओसरीत तासभर बसा, आणि जो कुणी अंगठा उचलून उभा असेल त्याला म्हणा, आण इकडं, आधी मी वाचून दाखवतो.