कूलर मलेच लागला

बायांनो, माहं डोकं फिरलं हाय, म्हणून फोन घेऊन बसली.

आमच्या मेहकरच्या महिला क्लबाचा लकी ड्रॉ लबाडीचा हाय, असं मी दरसाली ओरडते. म्हणून यंदा अध्यक्षीणबाईनं मलेच, म्हणजे क्लबातल्या सगळ्यांच्या आजीले, तपासणीले बसवलं.

आज दुपारी ती माईकवर म्हणे, "कमिटीतल्या एकीनंही तिकीट घेतलं नाही. न विकलेली तिकिटं सगळ्यांसमोर फाडली. विकलेल्यांचे आपल्याकडचे अर्धे तुकडे सारखे दुमडून काचेच्या बरणीत टाकले. बरणी आजीनं हालवली. चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरबाईनं डोळ्याले पट्टी बांधून काढली, ती आपल्यातल्या कोनालेच ओळखत नाही. दोन्ही तुकड्यांवरचा नंबर जुळला. कूलर आजीले!"

मागच्या साली मिक्सर जिंकलेली शेजारीण शांता म्हणे, "तोंड बंद करायले देला वं तुले!"

"काऊन? म्या सोता पाह्यलं ना!"

"मागच्या साली मीबी हेच म्हणत होती. तू ऐकलं काय?"

लबाडी झाली नाही, हे मले पक्कं माहीत हाय. पण मलेच लागला म्हणजे कायतरी गडबड असनच, असंबी वाटते. आता कूलरसमोर बसून घाम पुसून राह्यली.

सांगा बायांनो, पुढच्या साली मी ओरडू कोनावर?