पटले साहेब आणि चैतराम

गोंदियाच्या स्टेशनासमोर चैतराम पटल्यांचा फोटो स्टुडिओ होता. माणूस सौंदडचा, धानाच्या बांधीतली शेती सोडून कॅमेऱ्याच्या नादी लागलेला. गिऱ्हाईक हसलं नाही तर त्याच्यावरच खेकसायचा. मी तिथल्या शाळेत मराठी-इंग्रजी शिकवायचो, म्हणून तो मला गुरुजी म्हणे आणि फुकटात राबवून घेई.

सत्तावन्न साली नागपुरात फोटोंचं प्रदर्शन ठरलं. भंडारा जिल्ह्यातून, गोंदिया तेव्हा त्यातच होतं, एकच छायाचित्रकार घेणार होते. परिचय मराठीत आणि इंग्रजीत मागवला होता, वेगवेगळ्या पाकिटांत, प्रत्येकात स्वतःची तसबीर आणि काढलेले दोन फोटो.

चैतरामला मानपानाची हौस नव्हती. त्याचे वडील लखनलाल आदल्या वर्षी वारले होते. पोरानं नांगर सोडून कॅमेरा धरला तेव्हा सगळा गाव हसला, फक्त बाप हसला नाही. त्या बापाचं नाव नागपूरच्या भिंतीवर लागावं आणि आईनं, तुलसाबाईनं, ते डोळ्यांनी बघावं, एवढंच चैतरामला हवं होतं.

मराठी परिचय त्यानं आधीच लिहिला होता आणि त्याचं शब्दाला शब्द लावून इंग्रजीही केलं होतं. त्या इंग्रजीत देवाची कृपा आणि थोरामोठ्यांचे आशीर्वाद इतके दाटले होते की फोटोला जागाच उरली नव्हती. मी कागद परत केला. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं उलटं केलं. कुठल्याशा कंपनीच्या इंग्रजी जाहिरातीवरून मराठी पाडलं: ‘त्यांच्याद्वारे समाधानकारक छायाचित्रे काढली जातात.’

“हे मराठी आहे की जप्तीची नोटीस?” मी भडकलो.

“काऊन? शुद्ध तं आहे!”

“शुद्ध आहे, पण असं बोलतं कोण? सौंदडच्या सभेत तुझी ओळख कशी करून देतील, ते सांग.”

“लखनलालचा पोरगा म्हणतीन. मंग गाव, मंग कोनापाशी शिकला ते.”

“आणि तुझ्याकडे फोटो काढायला येणारा तो रेल्वेचा, इंग्रजी बोलणारा गार्डसाहेब?”

“तो बापाचं नाव कायले घेईन? काम काय करतो, किती वर्षं, बस.”

मी दोन्ही जुने कागद फाडले. मराठी परिचय वडिलांपासून सुरू केला, ‘ते’ म्हणून मान दिला, गाव आणला, गुरू आणला. इंग्रजीत पहिल्याच वाक्यात स्टुडिओ आणि धंद्याची वर्षं, पुढे रेल्वेचे फोटो, आशीर्वाद शून्य. नावही रीतीप्रमाणे: सी. एल. पटले. मराठीतलं एकही वाक्य इंग्रजीत नेलं नाही. खोटं मात्र कुठेच नव्हतं. मराठीसोबत त्यानं फेट्यातली तसबीर लावली, इंग्रजीसोबत स्टुडिओतल्या भाड्याच्या कोटातली.

काम इतकं फक्कड झालं की आमचंच वाटोळं झालं.

महिन्याभरानं दोन पत्रं आली. श्री. सी. एल. पटले यांची निवड झाली होती. श्री. चैतराम लखनलाल पटले यांना समितीनं खेदपूर्वक नाकारलं होतं आणि त्याच गावच्या अनुभवी पटले साहेबांचं मार्गदर्शन घ्यायचा सल्ला दिला होता.

“मले त्याच्यापाशी शिकाले सांगून राहिले?” चैतराम लालबुंद झाला. “त्याले काय येते?”

“अरे, तो तूच आहेस!”

“मी नाई! माह्या नावात बापाचं नाव हाय. त्याले तं बापच नाई!”

मी दोन्ही पत्रं घडी करून खिशात घातली.

तरी आईला घेऊन आम्ही नागपूरला गेलो. चैतराम हट्टानं फेटा बांधून. त्यानं प्रदर्शनाच्या चिटणिसांना परोपरीनं सांगितलं, मी तोच. चिटणिसांनी कोटातली तसबीर पाहिली, फेट्याकडे पाहिलं आणि कनवाळूपणे म्हणाले, “निराश होऊ नका. पटले साहेबांची सेवा करा, पुढच्या वर्षी बघू.” मी साक्ष द्यायला पुढे झालो, तर मला विचारलं, “आपण यांचे बंधू का?”

मी हात टेकले. चैतराम पाय आपटत पाणी प्यायला गेला.

भिंतीवर चैतरामनं काढलेले इंजिनाचे फोटो होते आणि खाली इंग्रजी परिचय. तुलसाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. “गुरुजी, आमच्या यायचं नाव कोठी हाय?”

खोटं बोलवेना. सी आणि पटले यांच्यामध्ये जो एल होता, त्यावर मी बोट ठेवलं. “हे बघा. हे लखनलालजी.”

तुलसाबाई त्या अक्षराजवळ सरकल्या. मग पदर सावरून त्यांनी हात जोडले.

“एवढेसे झाले?” त्या म्हणाल्या. “जित्तेपनी तं दारातून वाकून येत होते.”