दाराची काटी

ईट गावच्या माळावर आमची मेंढपाळांची वस्ती. दिवाळी झाली की सगळी वस्ती मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघायची. निघताना हरणाआत्या चूल सारवायची अन् दाराला बाभळीची काटी लावायची. आमच्यात काटी म्हणजे माणसं परत येणार.

मागच्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या इंजिनिअर दीपालीताई कचरा डेपोसाठी जागा बघत आल्या. ओढा अन् विहिरी लांब, माळ उंच, पुराचं भ्या न्हाय. खड्डे खणून बघितले, तर खाली पाणी न झिरपणारी चिकणमाती. सगळं नीट तपासलं. वस्ती तेवढी काट्या बघून ओसाड धरली. गावात येऊन एका माणसाला विचारलं असतं, तर जीभ झडली असती का?

आषाढात आत्या परतली, तोवर जागा मंजूर झाली होती.

"बाई, आमची वस्ती दिसली न्हाय व्हय?"

"घरं दिसली, मावशी," दीपालीताई खाली बघत म्हणाल्या. "माणसं दिसली न्हाईत."

पावसाळा सरताच ट्रक सुरू झाले. प्लास्टिक खाऊन बरीच मेंढरं फुगून मेली.

यंदा दिवाळीनंतर आत्या उरलेली मेंढरं घेऊन निघाली. चूल सारवली न्हाय. दाराला काटीबी लावली न्हाय.