मिसरीनं झाकलेलं रक्त

माझ्या तोंडात आज जे दात आहेत ते घरमालकीण काकूंमुळं आहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगता सांगता माझंच रडगाणं लांबतं आणि त्या मागं पडतात. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत, गावच्या नव्हेत. वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे मालाच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे आणि त्यातली अंगणाकडची एक खोली मी भाड्यानं घेतली आहे, एवढंच आमचं नातं.

मी सांगलीकडची. शाळा सहावीत सुटली. माझे मालक हळदीच्या पॉलिशच्या मशीनवर काम करायचे, त्यांच्या व्यापाऱ्यानं इकडं शेड घातलं तेव्हा आम्ही दोघं इथं आलो. ते गेले, मी राहिले. मुलगा तिकडं कारखान्यात लागला आहे, सून बरी आहे, पण एका खोलीच्या घरात जाऊन मी कुठं आडवी येऊ? इथं निदान हाताला काम आहे. ढिगाजवळ बसायचं आणि हळकुंड वेगळं, गोल गट्टा वेगळा, चुरा वेगळा करायचा. दिवसभर नाकातोंडात पिवळी धूळ.

शेडमध्ये सुट्टी झाली की चहाच्या आधी मिसरी. एकीनं डबी उघडली की ती सगळ्यांत फिरायची. बोटावर घ्यायची, हिरड्यांवर घासायची, भिंतीला टेकून गप्प बसायचं. माझी आई लावायची, आजी लावायची. मला तर तंबाखू भाजतानाचा वास आला की माहेर आठवतं. दात घासायचं म्हणजे मिसरीच, दुसरं काही असतं हे मला ब्रश विकत घेईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

शुगर निघाली तीही शेडमध्येच. दवाखान्याची माणसं तपासायला आली होती. बोटाला टोचलं आणि म्हणाले, "मावशी, उद्या या दवाखान्यात." गोळ्या सुरू झाल्या. तिथं रांगेतली एक बाई म्हणाली, शुगरवाल्यांनी मिसरी सोडावी. मी घाबरट, लगेच सोडली. दुकानातून चांगला कडक ब्रश आणला आणि पातेलं घासावं तशी आडवी घासायला लागले. आठवडाभरात थुंकी लाल. हिरड्या सुजल्या, खालचे पुढचे दात जिभेनं ढकलले तर हलायला लागले.

शेडमधल्या बायांनी हसून घेतलं. "ब्रशवाली मॅडम झाली न्हवं का! घे ही, लाव गपगुमान."

लावली. आणि खरंच रक्त थांबलं. दोन दिवसांत थुंकी पुन्हा साधी. मला वाटलं, मिसरी हेच औषध, ब्रशनंच हिरड्या फाडल्या होत्या. ब्रश खिडकीत टाकून दिला. तो तिथं मुंग्यांनी भरला.

रक्त थांबलं, पण दात हलायचे थांबले नाहीत. उजवीकडची मागची एक दाढ हिरडीजवळ पोखरली होती, गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. तोंडाला वास यायचा म्हणून मी बोलताना पदर आडवा धरायची. चावता येईना. मग भाकरी सोडली. मऊ भात, नाहीतर चहात बुडवलेली बिस्किटं. दवाखान्यात दरवेळी शुगर वाढलेली निघायची. डॉक्टर विचारायचे, गोळ्या घेता ना? मी हो म्हणायचे. घेतच होते. दाताचं मी कधी बोललेच नाही. शुगरच्या डॉक्टरला दाताचं काय सांगायचं? आणि मनात दुसरीच भीती होती. आमच्याकडं म्हणतात, शुगर असताना दात काढला की जखम भरतच नाही, माणूस त्यातच जातो. दातवाल्याकडं गेले की तो पहिल्यांदा पकडच हातात घेणार, अशी माझी खात्री. म्हणून मी सगळे दात घेऊन गप्प बसले होते, आणि ते एकेक करून सैल होत होते.

काकूंना ते कळलं पौर्णिमेच्या दिवशी. त्या विहारातून वंदना करून आल्या आणि खिरीबरोबर मला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणून दिली. थोड्या वेळानं ताट न्यायला आल्या तर खीर आणि भाजीतला रस्सा संपलेला, भाकरी तशीच.

"काहून गं, भाकर कडू झाली का माझी?"

"न्हाई काकू, पोट भरलं."

"खिरीनं? शुगरवालीचं पोट खिरीनं भरलं? तोंड उघड."

मी पदर धरला. त्यांनी तो सरळ खाली ओढला. दारातल्या उजेडाकडं माझं तोंड वळवून बघितलं आणि नळावर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते आणि वरखालची कवळी त्यांच्या तळहातावर होती.

"हे बघ. व्हय, बघ. आधी माझे दात तुझ्यासारखेच हलून राहिले होते. मीबी मिसरीच लावत होते. पन्नाशीच्या आत सगळे गेले. आता भुईमुगाचा दाणा खायचा तर कुटून खाते. तुला ही पायजे का?"

बिनदाताच्या तोंडानं त्या बोलत होत्या, शब्द नीट येत नव्हते, आणि मला हसू आलं. त्याही हसल्या. मग मी रडले. पकडीची भीती सांगितली. कवळी धुऊन तोंडात बसवत त्या म्हणाल्या, "तुझ्या भीतीचं उत्तर मला देता येत न्हाई. डॉक्टरला इचारू. उद्या शेडला जायचं न्हाई, दवाखान्यात जायचं. मी येते संगं."

सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टरीण बाई माझ्या सुनेच्या वयाची होती. तोंडात एकदा आरसा फिरवला आणि तिनं विचारलं, "शुगर आहे का?"

मी काकूंकडं बघितलं. हिला कसं कळलं?

"हिरड्यांवरून शंका येते," ती म्हणाली. "शुगर जास्त राहिली की हिरड्यांच्या जंतूंशी लढायची ताकद कमी होते. आणि हिरड्यांत सूज, पू साठला की शुगर आटोक्यात यायला जड जातं. दोघी एकमेकींना बिघडवतात. तुमच्या डॉक्टरांना दातांचं सांगितलं होतं?"

"न्हाई."

"त्यांनी नुसत्या गोळ्या वाढवल्या असतील."

मी मान हलवली. मग मला वाटलं आता मिसरीचं माझं औषध सांगावं. म्हटलं, "बाई, पण मिसरी लावली की रक्त थांबतं."

तिनं हातातला आरसा खाली ठेवला. "थांबतं, बराबर आहे. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक नसा आवळतात, म्हणून रक्त दिसत नाही. रोग आत चालूच राहतो. रक्त येणं ही हिरडीची हाक होती, मावशी. तुम्ही तिचं तोंड दाबलं."

काकू मागून पुटपुटल्या, "मलाबी कुणी हे येळेवर सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक."

पकड निघाली नाही. आधी रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती नऊच्या पुढं निघाली. डॉक्टरीणबाईंनी शुगरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. मग सफाई. हिरडी बधिर करून तिच्या खालपर्यंत साचलेलं दगडासारखं किटण खरवडून काढलं. एका खेपेला एक बाजू. ते किटण ट्रेमध्ये पडायचं तेव्हा टक्क वाजायचं. मी खुर्चीचे हात इतके आवळायची की डॉक्टरीणबाई म्हणायची, "मावशी, खुर्ची सरकारी आहे."

दाढेचं तिनं लपवलं नाही. हिरडी खाली सरकल्यानं मूळ उघडं पडलं होतं, कीड तिथून आत गेली होती, आजूबाजूचं हाडही गेलं होतं. "ही वाचणार नाही. पण शुगर जरा खाली येऊ दे, मग काढू. जखम भरेल." पुढचे चार राहतील का, विचारलं तर म्हणाली, "प्रयत्न करू. निम्मं काम माझं, निम्मं तुमचं."

माझं निम्मं म्हणजे घासणं. मऊ ब्रश, पातेलं घासायचं नाही. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवायचे, हलक्या हातानं तिथल्या तिथं हलवायचे, मग पुढच्या दातावर. आतली बाजूही. घाई नाही, दोन मिनिटं तरी. सकाळी आणि रात्री झोपायच्या आधी, आणि रात्रीचं अजिबात चुकवायचं नाही. फ्लोराइडची साधी पेस्ट, वाटाण्याएवढी. फेस थुंकायचा, पण भराभर चुळा भरून पेस्ट सगळी धुऊन टाकायची नाही. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक बारीक ब्रश दिला. माझ्या आडव्या घासण्यानं दातांच्या मुळाशी खाचा पडल्या होत्या, त्याही तिनं आरशात दाखवल्या.

मिसरी सोडली आणि पहिल्या दिवसांत रक्त पुन्हा आलं. हेच होणार, तिनं सांगितलं होतं. तरी लाल थुंकी बघून मला डबीच आठवली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. शेडमध्ये डबी फिरायची तेव्हा मी उठून ढिगाच्या पलीकडं जायची. "आली न्हवं का, सरकारी दातवाली!" बाया म्हणायच्या. एकदा डबी हातात घेतलीही होती. उघडली नाही. त्या दिवशी घरी आले तर काकू नळाजवळ खुर्ची टाकून बसलेल्या.

"काय करून राहिल्या काकू इथं?"

"तुझं घासणं बघायला बसले. माझं तर आता घासायला न्हाई, तुझं बघू दे."

रोज बसायच्या. थंडीत शाल घेऊन. "हळू. भांडं न्हाई ते. आतून घे. झालं? न्हाई झालं." कवळी त्या एरवी अंधार पडताच काढून ठेवत, तरी माझं घासून होईपर्यंत तोंडात ठेवत, मला ओरडायला सोपं जावं म्हणून. हळूहळू रक्त कमी झालं, मग दिसेनासं झालं, आणि या वेळी मिसरीशिवाय. हिरडी गुलाबी, घट्ट. शुगर खाली आल्यावर दाढ काढली. मी जखमेकडं रोज आरशात बघायची. ती भरली. साधी, सगळ्यांची भरते तशी.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. आठच्या आत आली. मी शुगरच्या डॉक्टरांना म्हटलं, दातांनी उतरवली. ते हसले. "दातांनी थोडी. बाकी तुम्ही बिस्किटं सोडली, भाकरी खाताय, वाढवलेल्या गोळ्या घेताय, त्यानं. आता दोन्ही सांभाळा, आणि दातांची तपासणी चुकवू नका."

पुढचे चारही दात आहेत. एक जरासा हलतो, डॉक्टरीणबाई म्हणते तो असाच राहील, त्याला जपा. काल मी काकूंच्या ओट्यावर बसून त्यांच्यासमोर अख्खी भाकरी खाल्ली. त्या बघत होत्या आणि शेंगदाणे कुटत होत्या.

मी म्हटलं, "काकू, तुमचं कसं फेडू?"

"हट, फेडायचं काय त्यात?"

तरी मी इथं लिहून ठेवते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि ऑपरेशनचं त्या टाळून राहिल्या आहेत, भीतीनं. त्या तयार होतील त्या दिवशी मी शेडमधली हजेरी बुडवून त्यांना घेऊन जाईन, पट्टी सुटेपर्यंत त्यांच्याजवळून हलणार नाही, आणि डोळ्यांत औषध वेळेवर पडतंय की नाही हे बघायला मीही खुर्ची टाकून बसेन. त्या कितीही ओरडल्या तरी.