दोन वाजेपर्यंतची ड्युटी

सुकेशनीनं नोकरी सोडली तेव्हा ती चितेगावच्या एका औषध कारखान्यात तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. मुलगा अशक्त जन्मला म्हणून दोन वर्षांसाठी घरी बसते म्हणाली. मुलगा सावरला, तर सासरे अंथरुणाला खिळले. ते गेले आणि तिच्या वडलांना, केरबांना, विस्मरणाचा आजार जडला. भाऊ नव्हता, म्हणून ती त्यांना उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरी घेऊन आली. दोन वर्षांची अकरा झाली.

केरबांनी जन्मभर मेंढरं राखली होती आणि पोरीला एम.एस्सी. केलं होतं. आता ते खिडकीशी बसून नसलेल्या मेंढरांची मोजदाद करायचे.

त्याच कारखान्यानं खंड पडलेल्या बायकांसाठी पुनरागमनाची योजना काढली. जुनी सहकारी करुणा आता तिथं प्रमुख होती. तिनंच फोन केला. पहिले दोन महिने दहा ते दोन, सोबत उजळणीचं प्रशिक्षण, मग परीक्षा आणि पूर्णवेळ.

"अण्णांना कोण बघणार?" सुकेशनीनं वडलांबद्दल विचारलं ते सासूला.

"मी हाय की," कस्तुराबाई म्हणाल्या. "चार घंट्याचा तर सवाल हाय."

पहिले पंधरा दिवस नुसतं वाचन आणि लेखी चाचण्या. कार्यपद्धतीची कागदपत्रं बदलली होती. पूर्वी यंत्रातून निघालेला आलेख वहीला जोडायचा. आता सगळं संगणकात. कोणी, कधी, काय केलं याची नोंद आपोआप राहायची, आणि ती पुसता यायची नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुली भराभर बटणं दाबत. सुकेशनी एकेक पायरी हातानं लिहून घेई.

सहाव्या आठवड्यात पात्रता चाचणी आली. ज्या नमुन्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं, तोच उमेदवारानं तपासायचा. दोन्ही उत्तरं ठरलेल्या मर्यादेत जुळली पाहिजेत. सुकेशनीनं पन्नास मिलिलिटरच्या फ्लास्कऐवजी शंभरचा उचलला. द्रावण दुप्पट पातळ झालं, उत्तर निम्मं आलं.

"चाचणी गुपचूप पुन्हा करता येत नाही," करुणा म्हणाली. "चूक नोंदवायची, कारण शोधायचं, पुन्हा सराव करायचा. मग दुसरी संधी. ताई, सगळ्यांचं होतं असं."

चुकीची नोंद लिहून सुकेशनी दोन वाजता बाहेर आली. प्रयोगशाळेत मोबाइल नेता येत नसे. लॉकर उघडलं तर घरून आलेले नऊ कॉल.

बाराच्या सुमारास कस्तुराबाईंचा डोळा लागला होता. केरबा दार उघडून मेंढरं वळवायला निघाले आणि रेल्वे स्टेशनकडच्या रस्त्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण नंतर छातीत कफ भरला. अठराव्या दिवशी ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला ओळखलं नाही, एकदा मात्र तिचा हात धरून, "बाई, कळपाला पाणी दावलं का?" एवढं विचारलं. ती "व्हय" म्हणाली.

योजना पाहणाऱ्या प्रेरणाचा फोन आला. प्रशिक्षण मधेच थांबवता येतं, कुठल्याही सोमवारी पुन्हा सुरू करता येतं, झालेले आठवडे धरले जातात, असं तिनं सांगितलं.

"मी नाही येणार," सुकेशनी म्हणाली.

ते कस्तुराबाईंनी ऐकलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "डोळा माझा लागला. तू मला एक शब्द बोलली नाहीस. पर तू घरी बसली की मला रोज त्येच दिसतं बघ. तू जा बाई. माझ्यासाठी जा."

सासूला दोष द्यावा असं सुकेशनीला एकदाही वाटलं नव्हतं. तिचा सगळा राग लॉकरमधल्या फोनवर आणि स्वतःवर होता.

तेराव्यानंतरच्या सोमवारी ती गेली. पंधरा दिवस सराव केला. दुसऱ्या वेळी फ्लास्कवरचा आकडा तिनं तीनदा वाचला. उत्तर जुळलं. करुणानं तिच्या पात्रतेच्या कागदावर सही केली आणि तिचे खांदे दाबले. शेजारच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी प्रेरणानं बोलावलं. समोर फॉर्म होता. "घरी कुणाला सांभाळावं लागत असेल तर अर्धवेळ आणखी तीन महिने वाढवून मिळेल. पुष्कळ जणी घेतात. तुमचं काय लिहू?"

सुकेशनीनं फॉर्म जवळ ओढला. चार वर्षांपूर्वी, अण्णांना घरी आणलं तेव्हा, हेच कोणी विचारलं असतं तर तिनं दोन्ही हातांनी घेतलं असतं.

"नको," ती म्हणाली. "आता सांभाळावं लागेल असं घरी कुणी राहिलं नाही. पूर्णवेळ लिहा."

प्रेरणानं तसं लिहिलं. सुकेशनीनं सही केली, डोळे पुसून प्रयोगशाळेत परत गेली, आणि पांढरा कोट चढवून पुढचा नमुना हातात घेतला. दोन वाजले आणि घरी निघायच्या सवयीनं ती उठून उभी राहिली.

"ताई, काय झालं?" एका मुलीनं विचारलं.

"काही नाही," म्हणत ती पुन्हा बसली.