सात सेकंदांची रेघ

सौसरहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही सात-आठ मुली भरतीसाठी पळत होतो. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या एका हातात मोबाईल असायचा, दुसऱ्यात ट्रॅक्टरच्या जुन्या फॅनबेल्टचा तुकडा.

पाच किलोमीटर झाले की प्रत्येकीच्या घड्याळातून दर किलोमीटरचा वेळ ते मोबाईलमध्ये भरत. पाच वेळांची सरासरी निघायची आणि मग प्रमाण विचलन, म्हणजे प्रत्येक किलोमीटर सरासरीपासून साधारण किती सेकंद इकडेतिकडे गेला ते. सरांचा नियम एकच. विचलन सात सेकंदांच्या वर गेलं की पोटरीवर पट्टा. "आधी पेटता अन् मंग विझता," ते म्हणायचे. "एका चालीनं पळा!"

रबराचा मार कपड्यावरून बसला तरी आत जांभळं होतं. मी घरी पायजमे घालून फिरायची. लंगडताना पाहून आईनं विचारलं तर पडले म्हणून सांगायची.

लोधीखेड्याची एक मुलगी आमच्यात सगळ्यात हळू होती. उंच, हाडापेरानं मोठी, घरची संत्र्याची बाग. तिला रोज पट्टा बसायचा. ती ओरडत नसे, फक्त ओठ चावायची. ओठावर कायम खपली असायची.

एका सकाळी माझं विचलन सहा पूर्णांक तीन आलं. मी सुटले. तिचं आठ आलं. सरांनी तिला वळायला सांगितलं आणि पट्टा इतक्या जोरात मारला की ती गुडघ्यावर आली. दुसरा बसला तो मांडीवर. रक्ताची बारीक रेघ मोज्यात उतरली.

मी नुकतंच बी.एस्सी. केलं होतं. तोंडातून निघून गेलं, "सर, हे बरोबर नाही होऊन राहिलं."

"काय बरोबर नाही?"

"माझी सरासरी पाच मिनिटं. तिची सहा-चाळीस. जिले किलोमीटरले जास्त वेळ लागते, तिचे सेकंदही जास्तच हलतीन. विचलनाले सरासरीनं भागून टक्का काढा. माझे सहा पूर्णांक तीन, तीनशे सेकंदांवर, म्हणजे दोन पूर्णांक एक टक्के. तिचे आठ, चारशेवर, दोन टक्के. ती माझ्यापेक्षा एकसारखी पळून राहिली, सर. अन् मार तिलेच."

मुली खाली पाहत होत्या. सरांनी मोबाईलवर भागाकार केला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होताना मी पाहिला. आकडा पटला होता, आणि तेच त्यांना सहन झालं नाही.

"मले शिकवते?"

पट्टा माझ्या डाव्या कानावर बसला. एक शिट्टी सुरू झाली, त्या कानानं दुसरं काही ऐकूच येईना. गळ्यावरून गरम काहीतरी ओघळलं. त्यांनी पुन्हा हात उचलला तेव्हा लोधीखेड्याच्या मुलीनं मागून पट्टा धरला, ओढून घेतला आणि त्यांच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. सरांच्या नाकातून रक्त आलं. मग त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून रस्त्याकडेच्या दगडांवर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मला एका कानानंही ऐकू आला.

तिचं गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दुपारी तिचे काका आणि भाऊ आले. त्यांनी सरांना चहाच्या टपरीतून बाहेर ओढलं आणि उसाच्या दांड्यांनी झोडपलं, ते मातीत वळवळेपर्यंत. मी उभी राहून पाहिलं. मला बरं वाटलं. त्यानंतर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून तडजोड केली. तक्रार झाली नाही. सर गाव सोडून गेले.

भरतीत मी निवडले गेले. तिला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता, तिची ती संधी गेली. नंतर ती गावातच पळू लागली. मला दर रविवारी पाच किलोमीटरांचे वेळ पाठवायची, मी टक्का काढून कळवायची. "अजून हळूच आहो," ती म्हणायची, "पण एकसारखी आहो."

यंदा माझी बदली पांढुर्ण्याला झाली. तिथं मैदानावर एका मुलीच्या पोटरीवर मला ओळखीचे जांभळे पट्टे दिसले. मी तिला बाजूला नेऊन विचारलं.

"मोहगावकडे नवीन वर्ग आहे, ताई. सर फौजेतले, चांगले आहेत, हिशोबाचे पक्के. विचलनाले सरासरीनं भागतात. तीन टक्क्यांच्या वर गेलं तं मारतात."

ते आमचेच सर होते, त्यांनी माझा भागाकार घेतला होता. डाव्या कानात शिट्टी वाजत होती.

लोधीखेड्याच्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"टक्का तं बरोबरच काढून राहिला," ती म्हणाली. "त्या पोरीची माय येईन का ठाण्यात?"

"विचारते."

"विचार. मी सकाळच्या गाडीनं येतो."

पोरीची आई आली. पोलीस ठाण्यातल्या बाकावर आम्ही चौघी बसलो. हवालदारानं पोरीला पायजमा वर करायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत नेला आणि त्यानं तक्रार लिहायला सुरुवात केली.