जे आधी भरेल ते

वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि मी रेल्वेला खडी-सिमेंट पोचवणाऱ्या एका ठेकेदाराकडे गाड्यांचा विभाग सांभाळायला लागले. कंप्युटरवर एक प्रोग्रॅम होता. दहा हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांतलं जे आधी भरेल तेव्हा गाडीपुढे लाल खूण यायची. सर्व्हिस झाली की दोन्ही मोजण्या पुन्हा शून्यापासून.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; मॅनेजर तिथल्या ओरछा गेट भागातल्या जुन्या मराठी घराण्यातले. बोलायचे मराठीत, रागवायचे हिंदीत. एकदा त्यांच्याच मोटारीपुढे लाल खूण आली. घर ते ऑफिस एवढाच तिचा प्रवास. किलोमीटर जेमतेम, महिने मात्र सहा भरलेले.

"ताई, गाड़ी चली ही नहीं, तो सर्विस कैसी?"

"साहेब, उभ्या गाडीतलंही ऑइल खराब होतं."

"म्हणजे बसून बसून मीही खराब होतो?"

मी सर्व्हिसचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी फर्मान काढलं: 'जे आधी' काढा, 'जे नंतर' टाका. प्रोग्रॅमवाल्याने तसं केलं. आता दोन्ही भरल्याशिवाय खूण येईना. साहेबांची मोटार किलोमीटर भरायची वाट पाहत बसली आणि रोज मऊरानीपुरला धावणारी साइटची जीप महिन्यांची. सगळी स्क्रीन हिरवीगार! साहेबांनी मालकांना फोन करून सांगितलं, "एकाही गाडीची सर्व्हिस थकलेली नाही." ऑफिसात पेढे वाटले गेले.

जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे येऊन कुरकुरला, "दीदी, तेल काला पड़ गया है, इंजन आवाज़ कर रहा है." मी त्याला साहेबांपुढे उभं केलं. त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हरा दिख रहा है न? फिर?"

मग एरचच्या पुलाचं काम पाहायला मालक स्वतः निघाले. जीपमध्ये मालक मागे बसले, साहेब पुढे. वाटेत ऑइलचा दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, रोकना पड़ेगा."

"चलते रहो. मालिक को देर हो रही है."

थोड्या अंतरावर इंजिन जाम झालं, ते कायमचंच. मालक भुशाच्या ट्रॉलीत बसून परतले. ऑफिसात शिरले तेव्हा मिशीतसुद्धा भुसा होता. साहेब घाईघाईने म्हणाले, "सॉफ्टवेयर की गड़बड़ है."

मालकांनी माझ्या स्क्रीनवरचा 'जे नंतर'चा नियम वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "बिटिया, यह 'बाद में' किसने डलवाया?"

"साहेबांनी," मी म्हणाले. इतकं सुटसुटीत वाक्य त्या ऑफिसात मी आधी कधी बोलले नव्हते.

मालकांनी तिथेच 'जे आधी' परत टाकायला लावलं आणि सर्वांत आधी साहेबांची मोटार सर्व्हिसला पाठवली. साहेब तीन दिवस रिक्षातून आले. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात गोळा करून गाडीच्या निगेवर भाषण दिलं आणि शेवटी टाळ्या वाजवायला सांगितलं. जीपवाला सोडून सगळ्यांनी वाजवल्या.